सीमापार तडजोडपत्र आणि गोंदियाचा तांदूळ : २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमाचे एक परीक्षण

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० डिसेंबर २०१८ रोजी एका आंतरराष्ट्रीय अभिसंधीस मान्यता दिली. दोन देशांतील व्यापाऱ्यांचा तंटा मध्यस्थाच्या साह्याने मिटला आणि त्याचे तडजोडपत्र झाले, तर ते पत्र ज्या देशात अमलात आणावयाचे त्या देशाच्या न्यायालयाने ते थेट अमलात आणावे, त्यासाठी पक्षकारास करारभंगाचा नवा दावा लावावयास भाग पाडू नये, एवढेच तिचे सूत्र आहे. ७ ऑगस्ट २०१९ रोजी सिंगापूर येथे ती स्वाक्षरीसाठी खुली झाली, म्हणून तिला सिंगापूर अभिसंधी म्हणतात. पहिल्याच दिवशी ४६ राष्ट्रांनी तीवर स्वाक्षऱ्या केल्या आणि त्यांत भारत होता. १२ सप्टेंबर २०२० पासून ती अमलात आली. भारताने मात्र हे लिहीपर्यंत तिचे अनुसमर्थन केलेले नाही. स्वाक्षरी म्हणजे इच्छेची नोंद होय. अनुसमर्थन केल्यावाचून राष्ट्र अभिसंधीने बांधले जात नाही.

मधल्या काळात आपल्या संसदेने मध्यस्थी अधिनियम, २०२३ संमत केला. हा कायदा म्हणजे अभिसंधीच्या अनुसमर्थनाची पूर्वतयारी होय, असे अनेकांच्या लेखनात गृहीत धरलेले दिसते. प्रस्तुत लेखकास हे गृहीत मान्य नाही. अधिनियमाची रचना अभिसंधीच्या रचनेहून मुळातच भिन्न आहे, आणि तिचा परिणाम आपल्या व्यापाऱ्यावर कसा होतो हे एखादा प्रत्यक्ष व्यवहार घेऊन तपासल्याखेरीज कळत नाही. म्हणून येथे गोंदिया जिल्ह्यातील भातगिरणीचा व्यवहार घेतला आहे. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा व गिरण्यांचा म्हणून ओळखला जातो. येथला व्यापारी सिंगापूरच्या न्यायालयाचा विचार कशास करील, असा प्रश्न वरवर पाहता सुचतो. तथापि, काकिनाडा किंवा विशाखापट्टणम बंदरातून जाणाऱ्या उकड्या तांदळाचा खरेदीदार आफ्रिकेतील दुकानदार नसून पुष्कळदा सिंगापूरसारख्या ठिकाणी बसलेली व्यापारी पेढी असते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे प्रश्नाचे नवल उरत नाही.

व्यवहार कल्पित आहे, पण ज्या सरकारी निर्णयाने तो बिघडला तो निर्णय खरा आहे. समजा, ऑगस्ट २०२३ च्या प्रारंभी गोंदियाच्या एका गिरणीने सिंगापूरच्या एका पेढीस १,००० टन उकडा तांदूळ दर टनास ४०० डॉलर या भावाने, काकिनाडा बंदरात जहाजावर चढवून देण्याचा करार केला. एकंदर किंमत ४,००,००० डॉलर. माल अद्याप गोंदियाच्या गोदामातच होता. २५ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क बसविले. (साध्या बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात त्याआधीच, २० जुलै २०२३ रोजी, बंद झाली होती.) म्हणजे या मालावर सुमारे ८०,००० डॉलरचा बोजा अकस्मात आला. नवीन शुल्क कोणी भरावे याविषयी करारात शब्द नव्हता. गिरणी म्हणाली, खरेदीदाराने भरावे. पेढी म्हणाली, जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. दोन्ही बाजू आपापल्या दृष्टीने बरोबरच होत्या, आणि अशा तंट्यात न्यायालयीन निर्णयापेक्षा तडजोडच अधिक शहाणपणाची असते.

आता समजा, दोघांनी सिंगापूरच्या एका मध्यस्थाला मध्ये घेतले. बैठका पडद्यावर झाल्या. गिरणीचे मालक गोंदियात, पेढीचे अधिकारी व मध्यस्थ सिंगापुरात. तडजोड अशी ठरली : शुल्कापैकी ३०,००० डॉलर गिरणीने सोसावे, ५०,००० डॉलर पेढीने प्रत्येकी २५,००० च्या दोन हप्त्यांत द्यावे, गिरणीने ६०० टन माल तीस दिवसांत आणि उरलेला ४०० टन साठ दिवसांत जहाजावर चढवावा. तडजोडपत्रावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या, मध्यस्थाने सही केली. येथपर्यंत सर्व सुरळीत. यापुढे दोनपैकी एक बिघाड संभवतो, आणि त्या दोन बिघाडांस कायदा अगदी वेगवेगळे उत्तर देतो.

पहिला बिघाड असा की, पेढीने पहिला हप्ता दिला व दुसरा थकविला. गिरणीला सिंगापुरात वसुली करावयाची आहे. सिंगापूर अभिसंधीचा सदस्य असून तेथे त्यासाठी २०२० चा स्वतंत्र कायदा आहे. गिरणीने तेथील उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, तडजोडपत्र न्यायालयाच्या आदेशाच्या रूपाने नोंदवून घ्यावे, आणि मग ते न्यायनिर्णयाप्रमाणे वसूल करावे. अर्जासोबत काय लागते? पक्षकारांच्या सह्यांचे तडजोडपत्र आणि ते मध्यस्थीतून निष्पन्न झाल्याचा पुरावा. हा पुरावा मध्यस्थाच्या सहीने, त्याच्या वेगळ्या पत्राने, मध्यस्थी चालविणाऱ्या संस्थेच्या दाखल्याने, किंवा यांपैकी काहीच नसेल तर न्यायालयास पटेल अशा अन्य पुराव्यानेही देता येतो. येथे अनेकांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट ही की, भारत सदस्य नाही याने गिरणीचे काही अडत नाही. अभिसंधीत परस्परतेची अट नाही. तडजोडपत्र आंतरराष्ट्रीय आहे काय, एवढेच पाहिले जाते; म्हणजे ते करतेवेळी दोन पक्षांची व्यवसायस्थाने भिन्न राष्ट्रांत होती काय. ती राष्ट्रे सदस्य असलीच पाहिजेत असे नाही. १९५८ च्या न्यूयॉर्क अभिसंधीत परदेशी लवाद-निवाड्यांबाबत राष्ट्रांना परस्परतेची राखीव अट घालण्याची मुभा होती. भारताने १९६० साली अनुसमर्थन करताना ती घातली, आणि त्यामुळे आजही केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतलेच निवाडे आपल्याकडे त्या मार्गाने येतात. सिंगापूर अभिसंधीत तशी मुभाच ठेवलेली नाही. राखीव अटी दोनच आहेत : सरकार वा सरकारी संस्था ज्यांत पक्षकार आहे ती तडजोडपत्रे वगळता येतात, आणि पक्षकारांनी अभिसंधी लागू करण्याचे मान्य केले असेल तेवढ्यापुरतीच ती लागू ठेवता येते. सौदी अरेबियाने पहिली अट घातली. जपानने, २०२३ साली सामील होताना, दुसरी. म्हणून ज्याची मालमत्ता जपानात आहे अशा पक्षाशी तडजोड करताना “या पत्रास अभिसंधी लागू राहील” हे एक वाक्य लिहिले नाही, तर बाकीचे सर्व लिहिलेले तेथे निरुपयोगी ठरू शकते.

दुसरा बिघाड उलट दिशेचा. पेढीने दोन्ही हप्ते भरले, पण गिरणीने ६०० टन पाठवून उरलेले ४०० टन अडकवून ठेवले, कारण मधल्या काळात देशांतर्गत भाव चढला. पेढीला गोंदियात तडजोडपत्राची अंमलबजावणी हवी आहे. भारत सदस्य नसल्यामुळे अभिसंधीचा मार्ग बंद. आता मध्यस्थी अधिनियम पाहू. त्याच्या कलम २७ नुसार पक्षकारांनी सही केलेले व मध्यस्थाने प्रमाणित केलेले तडजोडपत्र अंतिम व बंधनकारक असून दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार हुकूमनाम्याप्रमाणे त्याची दरखास्त करता येते. ते आव्हानित करण्याची कारणे कलम २८ मध्ये चारच आहेत : लबाडी, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, आणि मध्यस्थीस अयोग्य अशा विषयात मध्यस्थी झालेली असणे. मुदत नव्वद दिवसांची, पुरेसे कारण असल्यास आणखी नव्वद. हे शब्द वाचून पेढीचे वकील आनंदित होतील. पण कलम २ म्हणते की हा अधिनियम भारतात चालविलेल्या मध्यस्थीस लागू आहे. आंतरराष्ट्रीय मध्यस्थीचा समावेश त्यात आहे खरा, परंतु तीही भारतात झालेली असली पाहिजे.

अभिसंधी आणि अधिनियम यांच्यातला मूलभूत भेद येथे आहे, आणि तो केवळ शब्दांचा नाही. लवादाला ‘स्थान’ असते. त्या स्थानाचे न्यायालय निवाडा रद्द करू शकते, आणि निवाड्याचे राष्ट्रीयत्व त्यावरून ठरते. मध्यस्थीला असे स्थान नसते हे अभिसंधीच्या मसुदाकारांनी ओळखले. मध्यस्थ निर्णय देत नाही, म्हणून त्याच्या कामावर देखरेख करणारे ‘घरचे’ न्यायालय लागत नाही. पक्षकार विमानतळावर बसून तडजोड करोत की दोन वेगळ्या खंडांत बसून, तडजोडीचे बळ त्यांच्या संमतीतून येते. म्हणून अभिसंधीने मध्यस्थी कोठे झाली हा प्रश्नच विचारलेला नाही. आपल्या अधिनियमाने तो प्रश्न दारातच उभा केला. शिवाय त्याच अधिनियमाने पडद्यावरील मध्यस्थीस मान्यता दिली आहे! मग आपल्या उदाहरणातील मध्यस्थी ‘भारतात चालविली’ काय? गिरणीमालक गोंदियात बसले होते म्हणून होय म्हणावे, की मध्यस्थ सिंगापुरात होता म्हणून नाही म्हणावे? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो, आणि जेथे असा युक्तिवाद होऊ शकतो तेथे थेट अंमलबजावणी हा शब्दप्रयोग फार काळ टिकत नाही. आमच्या मते गिरणीच्या वकिलाचा पहिला आक्षेप हाच असेल, आणि तो निकालात निघेपर्यंत पुढचा हंगाम आलेला असेल.

त्यातच अधिनियमाच्या अंमलाचा प्रश्न आहे. ९ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने त्याची काही कलमे लागू झाली. परंतु त्यांत प्रामुख्याने व्याख्या, मध्यस्थी परिषद व नियम करण्याचे अधिकार यांसारख्या तरतुदी होत्या. कलम २७ व २८ त्या अधिसूचनेत नव्हती. ज्या कलमाकरिता कायदा वाचला जातो तेच प्रारंभी बाहेर राहिले, यावरून आपल्या विधिनिर्मितीच्या पद्धतीविषयी काय अनुमान काढावे ते वाचकांवर सोपवितो.

पेढीपुढे आता उरला साधा मार्ग : तडजोडपत्र हा एक करार आहे असे समजून त्याच्या भंगाबद्दल दावा. मुदत तीन वर्षे. ही रक्कम तीन लाख रुपयांहून अधिक व तंटा व्यापारी असल्यामुळे दावा व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ खाली येईल. आणि येथे या विषयातील सर्वांत विलक्षण वळण येते. २०१८ साली त्या अधिनियमात कलम १२-क घालण्यात आले. तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थी करून पाहिलीच पाहिजे, असे ते सांगते. ही अट ऐच्छिक नसून अनिवार्य आहे, तिचे पालन न केल्यास वादपत्र फेटाळले जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनिअर्स या प्रकरणात १७ ऑगस्ट २०२२ रोजी दिला. परिणाम असा की, ज्या पेढीच्या हाती यशस्वी मध्यस्थीचे सही-शिक्क्याचे तडजोडपत्र आहे, तिने त्या पत्रावर दावा लावण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारी जाऊन पुन्हा मध्यस्थीस बसावयाचे. गिरणी हजर झाली नाही तर ‘मध्यस्थी सुरूच झाली नाही’ असा अहवाल घ्यावयाचा आणि मग न्यायालयात जावयाचे. कलम १२-क करणाऱ्यांच्या मनात हे नव्हते हे उघड आहे. त्यांच्यासमोर न्यायालयांतील थकलेले दावे होते. परंतु तडजोडपत्रावरील दाव्याचा अपवाद करण्याचे त्यांना सुचले नाही, आणि कायद्याच्या शब्दांत तो अपवाद सापडत नाही. पेढीला तातडीचा मनाईहुकूम मागून या अटीतून सुटता येईल. उदाहरणार्थ, ४०० टन माल गोदामातून हलवू नये असा. मात्र केवळ अट चुकविण्यासाठी मागितलेला तातडीचा दिलासा न्यायालये ओळखतात, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

सिंगापुरात आधी आदेश नोंदवून तो भारतात आणता येणार नाही काय, असा प्रश्न चिकित्सक विद्यार्थी विचारील. सिंगापूर हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-क खाली परस्परतेचा प्रदेश आहे. तेथील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे येथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीस येतात. परंतु कलम १३ चे अपवाद तेथे लागू होतात, आणि त्यांत गुणावगुणांवर न दिलेला निर्णय हा एक अपवाद आहे. तडजोडपत्राच्या नोंदीत न्यायालय गुणावगुण तपासत नाही. ते पत्राची औपचारिक पात्रता तपासते. असा आदेश ‘हुकूमनामा’ ठरतो काय, यावर वाद होऊ शकतो. आमचा कल नकाराकडे आहे. परदेशी न्यायालयाच्या शिक्क्यामागून खाजगी पत्र आत आणावयाचे, तर त्यासाठी संसदेने तसे म्हणावयास हवे.

याहून अधिक चिंतेची गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती भारतात चाललेल्या मध्यस्थीबद्दलची आहे. समजा, तंट्याच्या आरंभी गिरणीनेच भारतात दावा लावावयाचे ठरविले, कलम १२-क प्रमाणे ती प्राधिकरणाकडे गेली, पेढी हजर झाली, आणि तेथेच तडजोड झाली. १२-क च्या मूळ पोटकलम ५ नुसार अशा तडजोडीस लवाद अधिनियम, १९९६ च्या कलम ३०(४) खालील, संमतीने दिलेल्या निवाड्याचा दर्जा व परिणाम प्राप्त होतो. भारतापुरते हे उत्तम : दरखास्त करता येते. पण मालमत्ता सिंगापुरात असलेल्या पेढीविरुद्ध गिरणीला हे पत्र तेथे न्यावयाचे आहे. अभिसंधीचे कलम १(३) दोन प्रकारची तडजोडपत्रे आपल्या कक्षेतून वगळते. न्यायालयाने मंजूर केलेली अथवा न्यायालयीन कारवाईत झालेली आणि त्या न्यायालयाच्या देशात न्यायनिर्णय म्हणून अमलात येणारी, हा पहिला प्रकार. लवाद-निवाडा म्हणून नोंदलेली व तशी अमलात येणारी, हा दुसरा. उद्देश सरळ आहे : न्यायनिर्णयांसाठी वेगळी व्यवस्था आहे, निवाड्यांसाठी न्यूयॉर्क अभिसंधी आहे, तेव्हा दोन मार्गांची सरमिसळ नको. मग पेढी सिंगापूरच्या न्यायालयात म्हणेल, “हे तर तुमच्या कायद्याने निवाडा ठरविले आहे, ते अभिसंधीच्या बाहेर आहे.” आणि गिरणी न्यूयॉर्क अभिसंधीकडे वळली तर तीच पेढी म्हणेल, “येथे लवाद कोठे होता? लवादकरार नव्हता, लवाद नेमला नव्हता; केवळ कायद्याने निवाड्याचे नाव दिल्याने निवाडा होत नाही.” दोन्ही आक्षेप एकाच वेळी यशस्वी होणे तर्काच्या दृष्टीने विचित्र आहे, तथापि ते दोन वेगळ्या अर्जांत, दोन वेगळ्या दस्तऐवजांच्या अर्थावर उपस्थित होतात, म्हणून अशक्य नाही.

गिरणीच्या बाजूने उत्तर असे की, अभिसंधीचे शब्द ‘नोंदलेली आणि अमलात येणारी’ असे आहेत. येथे कोणत्याही लवादाने काही नोंदलेले नाही, कायद्याने केवळ दर्जा दिला आहे, म्हणून पहिली अर्धी अट पुरी होत नाही. हे उत्तर आम्हांस ग्राह्य वाटते. परंतु ज्याला ८०,००० डॉलरच्या वादात परदेशी वकिलाची फी भरून हा युक्तिवाद करावा लागेल, त्याच्या दृष्टीने ग्राह्य युक्तिवाद आणि सुरक्षित कागद यांत फार अंतर आहे. देशांतर्गत सोयीसाठी दिलेला ‘निवाड्याचा दर्जा’ हा सीमेपलीकडे जाताना अडथळा होतो, ही या रचनेची शोकांतिका होय. २०२३ च्या अधिनियमाने १२-क च्या जागी नवी तरतूद योजून तडजोडीस निवाड्याऐवजी स्वतःच्या कलम २७ कडे वळविले आहे. हा बदल अमलात असेल तेथे वरील आक्षेपाची धार बोथट होते, कारण कलम २७ खालील खाजगी तडजोडपत्र हे न्यायालयाने मंजूर केलेले नसते. कायदा त्यास हुकूमनाम्याचे बळ देतो एवढेच. अधिनियमाच्या या एका गुणाचे श्रेय त्यास दिले पाहिजे.

तेव्हा आज गोंदियाच्या गिरणीचे अनुभवी सल्लागार काय करतात? ते मध्यस्थीला लवादाचे कवच घालतात. सिंगापूरमध्ये २०१४ पासून लवाद केंद्र व मध्यस्थी केंद्र यांची अशी संयुक्त पद्धती आहे : आधी लवाद सुरू करावयाचा, तो थांबवून मध्यस्थी करावयाची, तडजोड झाली तर लवादाकडे परत जाऊन संमतीचा निवाडा घ्यावयाचा. हा निवाडा न्यूयॉर्क अभिसंधीखाली भारतातही येतो व अन्यत्रही जातो. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. तडजोड आधी झाली आणि निवाडा घेण्यापुरता लवाद मागाहून नेमला, तर ‘नेमणुकीच्या वेळी तंटाच उरला नव्हता’ हा आक्षेप निवाड्यास चिकटतो. शिवाय या मार्गात दोन संस्थांच्या फिया व लवादाचा खर्च पडतो. ज्या व्यवहारात वादाची रक्कमच ८०,००० डॉलर आहे तेथे हा खर्च सोसवेल की नाही याचा हिशोब आधी करावा लागतो. मोठ्या निर्यातदारास तो परवडेल. आमगाव-तिरोड्याच्या लहान गिरणीस बहुधा नाही.

भारत सदस्य नाही यात गिरणीचा फायदाच नाही काय, असेही कोणी म्हणेल : परदेशी पक्षाविरुद्ध आपण वसूल करावे, त्याने मात्र आपल्याविरुद्ध करू नये. कायद्याच्या पृष्ठभागावर हे खरे आहे. व्यवहारात ते टिकत नाही, कारण समोरचा पक्षही हे जाणतो. ज्या तडजोडीची गोंदियात दरखास्त करता येत नाही, तिच्यात पेढी हप्ते मान्य करील कशाला? ती म्हणेल, सर्व माल आधी जहाजावर चढवा, किंवा ५०,००० ऐवजी ३५,००० घ्या, किंवा बँकेची हमी आणा. म्हणजे अनुसमर्थनाच्या अभावाची किंमत शेवटी तडजोडीच्या आकड्यात गिरणीच मोजते. ती कोठल्याही न्यायालयीन नोंदीत दिसत नाही म्हणून तिची चर्चाही होत नाही.

अभिसंधीही निर्दोष नाही. तिच्या कलम ५ मध्ये अंमलबजावणी नाकारण्याची जी कारणे आहेत, त्यांत मध्यस्थाने आपल्यावर लागू असलेल्या मानकांचा गंभीर भंग केला, किंवा आपल्या निःपक्षपातीपणाविषयी शंका निर्माण करणारी वस्तुस्थिती उघड केली नाही, ही दोन आहेत. ती सिद्ध करावयाची म्हणजे बंद खोलीत काय बोलले गेले ते उघडे करावे लागते, आणि मध्यस्थीचा प्राण तर गुप्ततेत आहे. तांदळाच्या व्यापारात हा धोका काल्पनिक नाही. पुष्कळदा तंटा मिटविणारा माणूस हा ज्याने व्यवहार जुळविला तो दलालच असतो, आणि माल गेला तरच त्यास दलाली मिळते. अभिसंधीच्या व्याख्येत तो मध्यस्थ ठरू शकतो, कारण निर्णय लादण्याचा अधिकार नसलेली तिसरी व्यक्ती एवढीच तिची अपेक्षा आहे. पण त्याने आपला हितसंबंध लेखी सांगितला नसेल, तर त्याने मिटविलेले पत्र नंतर याच मुद्द्यावर अडू शकते. तडजोडपत्राच्या आरंभी “मध्यस्थास या व्यवहारात दलाली मिळावयाची आहे हे उभय पक्षांस ठाऊक आहे” हे वाक्य घातले, तर आक्षेपाचे मूळच जाते.

कलम ५ मधील आणखी एका कारणाकडे मसुदा लिहिणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे. तडजोडपत्रातील बंधने स्पष्ट व आकलनीय नसतील तर न्यायालय अंमलबजावणी नाकारू शकते. आपल्या उदाहरणात “उरलेला माल योग्य वेळी, बाजारभावाप्रमाणे पाठवावा” असे लिहिले असते, तर गोंदियाच्या गिरणीस ते पुरेसे वाटले असते, कारण तिला योग्य वेळ कोणती आणि बाजार कोणता हे ठाऊक आहे. सिंगापूरच्या न्यायाधीशास ते ठाऊक नसते आणि तो ते ठरवू लागला तर तो तडजोड अमलात आणत नसून नवी करीत असतो. म्हणून साठ दिवस कोणत्या तारखेपासून, ४०० टनांत कणीचे प्रमाण किती, ओलावा किती, तपासणी कोणाची, हे पत्रात उतरले पाहिजे. तसेच, पेढीचा दुसरा हप्ता गिरणीच्या दुसऱ्या खेपेवर अवलंबून आहे की स्वतंत्र आहे, हेही. ते अवलंबून असेल आणि खेप गेली नसेल, तर हप्ता मागणाऱ्या गिरणीस ‘बंधन अद्याप परिपक्व झालेले नाही’ असे उत्तर मिळेल. आणखी एक : २२ ऑक्टोबर २०२४ रोजी उकड्या तांदळावरील शुल्क पूर्णपणे उठले. तडजोडपत्रात शुल्क बदलल्यास वाटणी कशी बदलावी याची सोय नसती, तर दीर्घ मुदतीच्या खेपांवर तोच तंटा उलट बाजूने पुन्हा उभा राहिला असता. पत्रात नंतर फेरफार केला तर तो लेखी असावा व शक्यतो मध्यस्थाच्या सहीने व्हावा. कारण मागाहून बदललेले पत्र जुन्याच स्वरूपात पुढे केले, तर तेही नकाराचे कारण ठरते.

अनुसमर्थनासाठी अधिनियमात नेमके काय बदलावे लागेल, हा प्रश्न राहतो. आमच्या मते कलम २ ची स्थानाची अट सैल करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. तसे केले तर देशांतर्गत मध्यस्थीची सारी यंत्रणा, प्रमाणन, नोंदणी व परिषद परदेशी पत्रांवर लादली जाईल. १९६० च्या अनुसमर्थनानंतर १९६१ साली परदेशी निवाड्यांसाठी जसा स्वतंत्र कायदा झाला, तसे परदेशी तडजोडपत्रांसाठी एक छोटे स्वतंत्र प्रकरण हवे. त्यात अर्ज कोणत्या न्यायालयात करावयाचा ते सांगावे, नकाराची कारणे अभिसंधीच्या कलम ५ मधूनच घ्यावी, आणि अशा अर्जास व्यापारी न्यायालये अधिनियमाचे कलम १२-क लागू होणार नाही हे एका ओळीत लिहावे. सरकारी पक्षकारांविषयीची राखीव अट भारत घालील असे दिसते. तांदळासारख्या मालात, जेथे सरकारी संस्थाही करार करतात, तेथे ती अट कोठवर ताणावी याचा विचार आताच झालेला बरा.